हाय व्हॉल्यूम नोड सपोर्ट-रेझिस्टन्स म्हणून कसा वापरावा, आणि आडव्या रेषेपेक्षा तो वेगळा कसा

चार्टवर आपण आडवी रेषा ओढतो ती भाव जिथून मागे वळला तिथे. त्या भावाला किती शेअर्सची उलाढाल झाली, हे रेषा सांगत नाही. बऱ्याचदा तिथे उलाढाल फारच थोडी झालेली असते. व्हॉल्यूम प्रोफाईल उलाढाल वेळेनुसार न मांडता भावानुसार मांडतो. ज्या भावांना सर्वाधिक व्यवहार झाले तिथे आडवा उंचवटा दिसतो, तो हाय व्हॉल्यूम नोड. थोडक्यात, रेषा म्हणजे बाजाराने नाकारलेला भाव, तर नोड म्हणजे खरेदीदार आणि विक्रेते दोघांनीही मान्य केलेला भाव. म्हणूनच रेषेपाशी भाव झटकन उलटण्याची अपेक्षा असते, तर नोडमध्ये तो मंदावतो आणि रेंगाळतो.

पहिली पायरी: पट्टा नेमका कुठून कुठे मोजायचा. ट्रेडिंगव्ह्यूवर `Fixed Range Volume Profile` घ्या. `Visible Range` प्रकार या कामाला नको, कारण चार्ट थोडा सरकवला तरी त्यातले नोड बदलतात. भाव जिथे आडव्या पट्ट्यात अडकला तिथपासून तो त्यातून बाहेर पडला तिथपर्यंतचा काळ निवडा. मधेच सुरुवात केली तर नोड खोट्या जागी दिसेल. निफ्टीसाठी प्रोफाईल फ्युचर्सच्या चार्टवर लावा. निर्देशांकाची स्वतःची खरेदी-विक्री होत नाही.

दुसरी पायरी: ओळींची संख्या. `Rows Layout` मध्ये `Number of Rows` निवडलेले असताना `Row Size` फार मोठा ठेवला तर प्रोफाईल करवतीच्या दात्यांसारखा दिसतो आणि प्रत्येक दाता महत्त्वाचा वाटू लागतो. आकडा कमी-जास्त करून बघा. जो उंचवटा प्रत्येक वेळी टिकतो, तोच खरा. नोडची सर्वांत लांब ओळ धरून बसू नका. उलाढाल जिथे एकदम आटते त्या वरच्या आणि खालच्या कडा नोंदवा. पुढचे सगळे निर्णय या कडांवर होतात.

तिसरी पायरी: उंचवटा कशामुळे झाला ते तपासा. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान इथेच होते. अनेक दिवसांच्या देवाणघेवाणीतून बनलेला नोड आणि एकाच मोठ्या सौद्याने बनलेला नोड प्रोफाईलवर सारखेच दिसतात. खालचे नेहमीचे व्हॉल्यूम बार बघा. सगळी उलाढाल एकाच कॅंडलमधून आलेली असेल, तर तो भाव दोन-तीन बड्यांनी मान्य केलेला असू शकतो, बाजाराने नव्हे. असा नोड सोडून द्या.

आता एक उदाहरण घेऊ. आकडे समजावण्यापुरते आहेत. एक शेअर तीन महिने 528 ते 560 मध्ये फिरला. 560 ला तीनदा अडला, म्हणून तिथे सगळे जण रेषा ओढतात. प्रोफाईलमध्ये मात्र नोड 538 ते 548 असा आहे आणि 550 ते 560 जवळजवळ रिकामे आहे. शेअर 560 तोडून 600 ला गेला आणि परत खाली आला. रेषेवाला 560 ला खरेदी करून 555 चा स्टॉप लॉस लावतो. रेषा कधी कधी टिकतेही. पण ती तुटली तर खालच्या विरळ भागात भावाला थोपवणारे फारसे कोणी नसते आणि तो वेगाने 548 कडे घसरतो.

नोड पाहणारा 548 पर्यंत थांबतो. तिथे पोहोचताच खरेदी करत नाही, तर पंधरा मिनिटांच्या कॅंडल लहान होतात का आणि भाव पुन्हा 548 च्या वर बंद होतो का, हे बघतो. तसे झाले तर 550 ला खरेदी, आणि स्टॉप लॉस नोडच्या आत न ठेवता खालच्या कडेपलीकडे, 535 ला. जोखीम शेअरमागे 15 रुपये. एका सौद्यात 3,000 रुपयेच गमवायची तयारी असेल तर 200 शेअर घ्यावेत. रेषेच्या मानाने हा स्टॉप लॉस लांब असतो, म्हणून संख्या कमी ठेवावी लागते. वरचा पुढचा नोड 586 ला सुरू होत असेल तर विक्री त्याच्या खालच्या कडेपाशी करावी, मध्यापाशी नव्हे, कारण तिथून पुढे चाल मंदावते.

भाव 538 ते 548 च्या आत शिरून घोटाळत राहिला तर सौदा करू नका. दोन्ही बाजूंना तो भाव मान्य असल्यामुळे तिथे दिशा नसते. तासाची कॅंडल 538 च्या खाली बंद झाली, तर तोच नोड आता वर जाताना अडथळा ठरू शकतो. भाव खालून परत 538 ला आला आणि तिथेच मंदावला, की ही भूमिका बदलल्याचे कळते.