लक्ष टिकत नसेल तर दहावीचा अभ्यास छोट्या बैठकींत कसा बसवावा

‘रोज चार तास’ असं वेळापत्रक लक्ष विचलित होणाऱ्या मुलासाठी पहिल्याच दिवशी कोलमडतं. म्हणून आधी मोजा. तीन संध्याकाळी मूल अभ्यासाला बसल्यावर काही न बोलता घड्याळ बघा आणि ते पहिल्यांदा उठलं, खिडकीकडे बघायला लागलं किंवा वहीच्या कडेला चित्रं काढायला लागलं तो मिनिट लिहून ठेवा. समजा १२, १५ आणि ११ आले. मग बैठक १० मिनिटांची ठेवा, म्हणजे लक्ष उडायच्या आधीच ती संपेल.

आता त्या दहा मिनिटांत काय करायचं? ‘भिंगांचा धडा वाच’ हे काम नाही, कारण ते कधी संपलं हे मुलाला कळत नाही. विज्ञान भाग १ मधला ‘भिंगे व त्यांचे उपयोग’ हाच धडा घेऊ. पहिल्या बैठकीत बहिर्वक्र भिंगातून जाणाऱ्या किरणांचे तीन नियम वाचायचे, पुस्तक मिटायचं आणि तिन्ही आकृत्या काढायच्या. दुसऱ्या बैठकीत वस्तूच्या फक्त दोन स्थानांच्या किरणाकृती. तिसरीत एकच उदाहरण: f = २० सेमी, u = −३० सेमी, तर v किती? उत्तर ६० सेमी आलं की काम झालं. उणे चिन्ह विसरल्यामुळे १२ आलं, तर पुढची बैठक फक्त चिन्हसंकेतांची.

पुस्तक मिटून लिहिणं मात्र सोडू नका. नुसत्या वाचनात डोळे ओळींवरून फिरतात, मन भलतीकडे असतं आणि आपल्याला ते बाहेरून दिसत नाही. कोऱ्या कागदावर ते लगेच दिसतं.

मध्ये पाच मिनिटांची सुट्टी: पाणी पिणं, जिना चढणं-उतरणं. मोबाइल नको, त्यातून परत येणं या मुलांना फार जड जातं. वेळही मोबाइलवर न लावता साध्या गजराच्या घड्याळावर लावा. उठण्याआधी मुलाने चिठ्ठीवर पुढची कृती लिहावी, उदाहरणार्थ ‘वस्तू 2F₁ वर, आकृती काढ’. परत आल्यावर ‘कुठून सुरू करू’ यातच वेळ जातो, तो वाचतो. अशा तीन बैठकींनंतर अर्धा तास मोकळा द्या. गजर झाला तेव्हा मूल गणितात रमलेलं असेल तर ते गणित पूर्ण होऊ द्या, धडा नाही.

लक्षासाठी औषध चालू असेल तर त्याचा परिणाम कोणत्या तासांत चांगला असतो हे डॉक्टरांना विचारून अवघड विषय तिथे ठेवा.

परीक्षेला तीन आठवडे उरले की एक बदल करा. विज्ञानाचा पेपर ४० गुणांचा, दोन तासांचा असतो आणि तिथे जिना चढता येत नाही. म्हणून आठवड्यातून दोनदा पूर्ण पेपर जागेवरून न उठता सोडवून घ्या. प्रत्येक प्रश्न संपला की पेन खाली ठेवायचं, खांदे सैल करायचे, दहापर्यंत मोजायचं आणि पुढच्या प्रश्नाचा क्रमांक लिहायचा.