रोहू घरी साफ करताय? निदान या चुका तरी करू नका

आमच्या भंडाऱ्याकडे तलाव-बोड्या भरपूर, त्यामुळे घरात मासोळी नेहमीचीच. बाजारात कापून मिळते, पण अख्खी आणली की गलफडं बघून ताजी आहे का ते कळतं, म्हणून आम्ही अख्खीच आणतो. आणि घरी कोणी पाहुणा हौसेनं साफ करायला बसला की मी आधी लिंबू लपवून ठेवते. कारण सगळ्यांना वाटतं लिंबू पिळलं की झालं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पित्त फोडणं. मागच्या पावसाळ्यात माझा दीर नागपूरहून आला, दीड किलोचा रोहू आणला होता, म्हणे "वयनी, तुमी बसा, आज मी करतो". रील बघून आलेला. पावशी सोडून चाकू घेतला, शेपटीकडून पोटात पार मुठीपर्यंत खुपसला आणि सरळ डोक्यापर्यंत ओढत नेला. बोटाएवढी हिरवीकाळी पिशवी असते ना पुढच्या बाजूला आतड्यांच्या गुंत्यात, ती फुटली. पोटाच्या आतल्या मांसावर पिवळा-हिरवा डाग पसरला. मला सांगायचं सोडून यानं अर्धं लिंबू पिळलं, वरून मीठ चोळलं, धुऊन राहिला आपला बादलीभर पाण्यात, आणि मी मागच्या अंगणात होते म्हणून मला काही कळलंच नाही. रस्सा ताटात पडला तेव्हा सासऱ्यांनी एक घास खाल्ला, काही न बोलता वाटी बाजूला सरकवली आणि लोणच्याशी भात खाल्ला. दीर म्हणतो, "वयनी, हे तं कडू लागून राहिलं!" लागणारच ना बाप्पा.

पित्त मांसात शिरलं की लिंबानं जात नाही. फुटल्या फुटल्या भरपूर पाणी ओता आणि जिथं पिवळं-हिरवं दिसतं तेवढं मांस सरळ कापून फेका, मोह करू नका. आणि फुटूच नये म्हणून पोट चिरताना फक्त टोक वापरायचं, धार वरच्या बाजूला, चामडी उचलून चिरत जायचं, आत खुपसायचं नाही. मग पुढून, गलफडांच्या बाजूनं बोट घालून सगळं एकदम हलक्या हातानं ओढायचं. अजून एक, कोणी औषध म्हणून रोहूचं पित्त गिळायला सांगितलं तर अजिबात ऐकू नका. ते विषारी असतं, त्यानं किडन्या निकामी झालेले लोक आहेत, आणि शिजवूनही ते विष जात नाही.

खवले काढायच्या आधी पोट फाडू नका, मासोळी पिचकते आणि खवले आत जातात. शेपटीकडून डोक्याकडे खरवडा, पाण्याच्या घमेल्यात धरून, म्हणजे भिंतीवर उडत नाहीत. खवले वाळून चिकटले असतील तर पाच मिनिटं पाण्यात ठेवा.

आता मीठ-लिंबू, ज्यावर माझा दुसरा राग आहे. लोक दोन्ही एकदम टाकतात नि अर्धा तास ठेवून देतात. बुळबुळ निघते ती घासून, मुरवून नाही. मूठभर जाडं मीठ घ्या, अंगाला, पोटाच्या आत, डोक्याच्या सांध्यात चांगलं चोळा, धुवा, परत अर्धी मूठ घेऊन चोळा. चामडीवर बोट ओढलं आणि घसरायच्या ऐवजी अडकलं की समजा झालं. गरम पाणी नको, त्यानं बुळबुळ शिजून पांढरी होऊन चिकटते.

लिंबू त्यानंतर, तुकडे केल्यावर. दीड किलोला एक लिंबू, पाच-सात मिनिटं, मग धुऊन काढायचं. तलावाच्या मासोळीला जो चिखलासारखा वास असतो ना, तो पाण्यातल्या निळ्या-हिरव्या शेवाळातून तिच्या अंगात मुरतो, आंबटानं तो कमी होतो, पण मांसात खोलवर बसलेला पूर्ण जात नाही. जास्त वेळ ठेवलं तर मांस पांढरं पडतं आणि फोडणीत टाकताच भुगा होतो.

आणि कितीही लिंबू लावलं तरी वास येतोच अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी पोटात बघावं. आतला पांढरा फुगा काढला की कण्याला लागून काळपट लाल रक्ताची पट्टी दिसते. ती नखानं किंवा चमच्याच्या दांड्यानं खरवडून धुवा. गलफडं पण डोक्यात ठेवू नका. दीर आता पुण्याला शिकवतो म्हणे मित्रांना मासोळी साफ करायला. पट्टी काढतो का, विचारलं तर म्हणे, "कोणती पट्टी?"