पालकसभा पुढे ढकलायची आहे? निरोप पाठवण्याआधीची तयारी

निवडणूक प्रशिक्षणाचा आदेश हातात पडला की पहिल्यांदा फोन उचलून गटावर ‘शनिवारची सभा रद्द, नवीन तारीख नंतर कळवू’ असं टाकावंसं वाटतं. तो मोह आवरा. आमच्या जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत दोन वर्षांपूर्वी मी नेमकं तेच केलं होतं. ‘नंतर कळवू’ वाचलेल्या पालकांपैकी निम्मेअधिक पुढच्या सभेला आलेच नाहीत. ‘तुमचं काही नक्की नसतं मॅडम’ असं एका ताईंनी तोंडावर सांगितलं आणि त्यांचं खरं होतं. तेव्हापासून नवी तारीख पक्की झाल्याशिवाय मी जुनी मोडत नाही. त्यासाठी एक दिवस उशीर झाला तरी चालतो, त्याहून जास्त मात्र नको.

२०२५ च्या नोव्हेंबरातली गोष्ट सांगते, म्हणजे नेमकं काय काय पाहावं लागतं ते कळेल. पहिल्या सत्राची प्रगतिपुस्तकं देण्यासाठी शनिवार, २२ नोव्हेंबरला सभा ठरली होती. मंगळवारी, १८ तारखेला, नगरपरिषद निवडणुकीच्या प्रशिक्षणाचा आदेश आला. प्रशिक्षण त्याच शनिवारी, तालुक्याला. आदेश मुख्याध्यापक सरांना दाखवला, सभेच्या नोंदवहीत ‘तहकूब’ अशी कारणासह नोंद करून त्यांची सही घेतली आणि मग कॅलेंडर पुढ्यात घेऊन बसले.

२९ तारखेचा शनिवार समोरच होता, पण दुसऱ्या प्रशिक्षणाची तारीख आदेशात नव्हती. ते त्याच दिवशी लागलं असतं तर सभा दुसऱ्यांदा मोडावी लागली असती. एकदा पुढे ढकललेली सभा पुन्हा ढकलायची वेळ येऊ देऊ नका, पालक तिसऱ्या निरोपावर विश्वास ठेवत नाहीत. मतदान २ डिसेंबरला होतं. साहित्य घ्यायला १ तारखेलाच निघायचं आणि २ ला रात्री उशिरा परतायचं, म्हणजे तो आठवडा गेला. पुढचा शनिवार ६ डिसेंबर, महापरिनिर्वाण दिन. आमच्या गावातून पाच-सहा घरं चैत्यभूमीला जातात, ती आदल्या दिवशीच गाडीत बसलेली असतात. त्या दिवशी सभा ठेवणं म्हणजे त्यांना ‘तुम्ही नसलात तरी चालेल’ असं सांगण्यासारखं. मधला वार घ्यावा, तर गुरुवार मार्गशीर्षातला. बायकांचा उपवास, घट मांडायची गडबड. आणि आमच्या सभेला येतात त्या बहुतेक आयाच. मंगळवारी आठवडी बाजार. असं करत करत शनिवार, १३ डिसेंबर उरला.

वेळेचाही विचार तितकाच बारकाईने करावा लागतो. तेव्हा कापसाची वेचणी चालू होती. मजुरी किलोवर असते, त्यामुळे सकाळ बुडाली की तेवढे पैसे बुडाले. पण दव ओसरल्याशिवाय वेचणीला हात लावत नाहीत, ओला कापूस कोणी घेत नाही. म्हणून सभा सकाळी आठ ते नऊ ठेवली. त्या तासात बाईला शाळेत येऊन परत रानात जाता येतं, खाडा पडत नाही. तुमच्याकडे सोयाबीन असेल, द्राक्षाची छाटणी असेल, एमआयडीसीतली पाळी असेल. तुमच्या पालकांचा रिकामा तास कोणता ते दोघा-तिघांना आधी विचारून घ्या.

आता निरोप. मी पाठवला तो असा होता:

‘नमस्कार. शनिवार, २२ नोव्हेंबरला होणारी पालकसभा त्या दिवशी होणार नाही. ती आता शनिवार, १३ डिसेंबर रोजी सकाळी ८ ते ९ या वेळेत, आपल्या शाळेत, तिसरीच्या वर्गात होईल. २२ तारखेला मला निवडणुकीच्या प्रशिक्षणाला जावे लागत आहे, म्हणून हा बदल. २२ तारखेला शाळा नेहमीप्रमाणे भरेल, मुलांना शाळेत पाठवावे. सभेला आई-वडिलांपैकी कोणीही किंवा घरी मूल सांभाळणारे आजी-आजोबा, काका-काकू यावेत. त्या दिवशी प्रगतिपुस्तक दाखवून सही घेतली जाईल. ऐनवेळी केलेल्या बदलाबद्दल मनापासून क्षमस्व. निरोप मिळाल्यावर “कळले” असे लिहून मुलाचे नाव टाकावे.’

यातलं प्रत्येक वाक्य कुठल्या तरी घोटाळ्यातून शिकून आलेलं आहे. सभा होणार नाही हे पहिल्याच ओळीत हवं. पुष्कळ घरांत निरोप मोठा भाऊ वाचून दाखवतो आणि तो दोन ओळींच्या पुढे जात नाही. ‘पुढच्या शनिवारी’ असं कधीही लिहू नका. मंगळवारी लिहिलेलं कोणी शुक्रवारी वाचलं की त्याचा पुढचा शनिवार वेगळा असतो. वार आणि तारीख दोन्ही द्या, एक चुकलं तर दुसऱ्यावरून कळतं. पाठवण्याआधी मात्र त्या तारखेला तोच वार आहे ना, हे कॅलेंडरवर बोट ठेवून बघा.

‘शाळा भरेल’ हे वाक्य सगळ्यांत सहज राहून जातं. सभा नाही याचा अर्थ शाळा नाही, असा निरोप गावात फिरतो. एकदा त्यामुळे चौतीसपैकी अकराच मुलं आली होती आणि शिजवलेली खिचडी पातेल्यात तशीच राहिली होती. तेव्हा शाळेला सुट्टी आहे की नाही हे स्पष्ट लिहा, तुम्हाला ते कितीही उघड वाटत असलं तरी.

कारण एका ओळीत, खरं सांगा. ‘काही अपरिहार्य कारणास्तव’ हे वाचून पालक आपापलं कारण शोधतात आणि ते बहुधा आपल्या बाजूचं नसतं. आणि ‘मूल सांभाळणारे आजी-आजोबा’ हे आमच्याकडे लिहावंच लागतं, कारण दिवाळी झाली की सहा-सात घरांतले आई-वडील ऊसतोडीला कारखान्यावर गेलेले असतात. ‘पालक’ म्हटलं की आजीला वाटतं, आपल्याला बोलावलेलं नाही.

मजकूर झाला की तो पोचवायची तयारी, आणि खरी मेहनत इथेच आहे. कळवलं आणि कळलं यांत फरक असतो. आमच्या चौतीस मुलांची घरं सत्तावीस. त्यांतली एकोणीस व्हॉट्सअ‍ॅप गटात आहेत, पण फोन दिवसभर वडिलांच्या खिशात, रानात किंवा ट्रॅक्टरवर. म्हणून एका कागदावर सत्तावीस घरांची नावं लिहिते आणि पुढे तीन रकाने आखते: कोणी सांगितलं, कधी, आणि उलट उत्तर आलं का. निळी खूण दिसली म्हणून मी टिक करत नाही, ‘कळले’ आलं तरच करते.

गटावर नवा निरोप टाकताना जुन्या सभेच्या निरोपाला उत्तर म्हणून तो टाका, म्हणजे दोन्ही एकत्र दिसतात. नाहीतर शुक्रवारी कोणीतरी वर सरकवत जातो, जुना निरोप सापडतो आणि ‘उद्या सभा आहे’ म्हणून पुढे पाठवतो. छापील पत्रकाचा फोटो टाकण्यापेक्षा साधा मजकूर टाइप करा, आणि जोडीला तोच मजकूर स्वतःच्या आवाजात वाचून पाठवा. ज्यांना वाचता येत नाही त्या आया तो ऐकतात, पुन्हा ऐकतात. फाटकाजवळच्या फळ्यावर सभेची तारीख लिहिलेली असेल तर ती त्याच दिवशी पुसा. आमच्या फळ्यावर ती बुधवारपर्यंत तशीच होती, एका पालकाने दाखवून दिल्यावर लक्षात आलं.

गटात नसलेल्या आठ घरांसाठी चिठ्ठी. तिसरी-चौथीची मुलं निरोप वहीत स्वतः लिहून घेतात, त्या दिवशीचं श्रुतलेखन तेच. मी प्रत्येक वहीतली तारीख तपासते, कारण १३ चं ३१ करणारं एक तरी मूल निघतंच. पहिली-दुसरीच्या मुलांना मी लिहिलेली चिठ्ठी वहीच्या पानाला टाचून देते, खाली सही किंवा अंगठ्यासाठी जागा सोडून. चिठ्ठी नुसती दप्तरात टाकली तर ती डब्याखाली भिजते. दुसऱ्या दिवशी सही आली नाही त्या घरी फोन, फोन लागला नाही तर शाळा सुटल्यावर स्वतः जायचं किंवा त्या वस्तीवरच्या अंगणवाडीताईंना सांगायचं. कारखान्यावर गेलेल्या आई-वडिलांनाही फोन करते. ते येणार नसतात, पण त्या निमित्ताने मुलाबद्दल दोन वाक्यं बोलणं होतं आणि घरी आजीला तेच आठवण करून देतात.

शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष सभेला येणार असतील तर त्यांना गटावरच्या निरोपावर सोडू नका, वेगळा फोन करा. काहीजण या सभेबरोबरच समितीची बैठकही उरकून घेतात. तारीख बदलली की दोन्हींची सरमिसळ होते. समितीची बैठक वेगळी, तिची सूचना आणि इतिवृत्त वेगळं. तिच्यात किमान ७५ टक्के सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात, त्यांना पुढच्या तारखेची सूचना रीतसर जायला हवी.

नव्या तारखेआधी आठवण दोनदा: गुरुवारी, ११ तारखेला, आणि शुक्रवारी संध्याकाळी. तीन आठवड्यांचं अंतर पडलं की पहिला निरोप विसरला जातो.

एक तयारी मात्र जुन्या तारखेची आहे, आणि ती बहुतेक ठिकाणी कोणी करत नाही. मूळ ठरलेल्या वेळी शाळेच्या फाटकाशी कोणीतरी थांबायला हवं. २२ तारखेला मी प्रशिक्षणाला निघण्याआधी सरांच्या हातात तो कागद दिला. सत्तावीसच्या सत्तावीस घरांसमोर टिक होती, तरी त्यांना म्हटलं, दहा वाजेपर्यंत बाहेर खुर्ची टाकून बसा.

साडेनऊला एक आजी आल्या. डोक्यावरचा पदर सावरत, हातात कापडी पिशवी, आत वेचणीला न्यायची भाकरी. त्यांच्या नातवाच्या नावापुढे टिक होती, पण ती शेजारच्या मुलाच्या ‘सांगितलं मी’ यावर केलेली होती. नातू तापाने तीन दिवस शाळेत आलाच नव्हता. सरांनी त्यांना माघारी पाठवलं नाही. वर्गात बसवलं, प्रगतिपुस्तक काढलं, वाचन कुठे अडतंय ते वही उघडून दाखवलं आणि सही म्हणून अंगठा घेतला. ‘आता तेरा तारखेला यायची गरज नाही आजी, तुमची सभा झाली,’ असं सांगून नातवाच्या तापाची चौकशी केली. संध्याकाळी मी परतले तेव्हा कागदावर त्या नावापुढची माझी टिक खोडून सरांनी शेजारी लिहिलं होतं: ‘गैरहजर मुलांच्या घरी आपणच जायचं.’