एकाच चित्रफितीवर मराठी आणि इंग्रजी सबटायटल्स : वाक्य कुठे तोडावे?

मूळ बोलणे मराठीत आहे, ते शब्दशः उतरवून झाले आहे आणि सबटायटल एडिट किंवा एजीसब यांपैकी एखादे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर आहे, असे गृहीत धरतो. यूट्यूबवर प्रेक्षकाला एका वेळी एकाच भाषेची सबटायटल्स निवडता येतात. घरातले आजोबा आणि परदेशात वाढलेली नात एकाच पडद्यासमोर बसणार असतील, तर दोन्ही भाषा एकाच तुकड्यात, वर मराठी आणि खाली इंग्रजी, अशा द्याव्या लागतात.

प्रत्येक भाषेला एकच ओळ द्यावी. दोन-दोन ओळी दिल्या की चार ओळींची भिंत उभी राहते आणि बोलणाऱ्याचा चेहरा झाकला जातो. ओळीची मर्यादा साधारण चाळीस-बेचाळीस चिन्हांची ठेवावी. एवढ्या जागेत लांब वाक्य मावत नाही, म्हणून ते तोडावे लागते आणि खरी अडचण इथेच सुरू होते.

‘आधी मराठी फाइल पूर्ण करा, वेळा बसवा आणि मग ती भाषांतराला द्या’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो मी पाळला होता आणि पस्तावलो. एका वृद्ध बाईंची मुलाखत होती. त्या म्हणाल्या, ‘ज्या विहिरीचं पाणी आम्ही लहानपणी प्यायचो, ती विहीर आता बुजवली आहे.’ मराठी वाक्य स्वल्पविरामापाशी सहज तुटले. भाषांतर मात्र व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष असूनही असे झाले :

```
The well has been filled in now,
the one we drank from as children.
```

परिणामी विहीर बुजवल्याचे इंग्रजी वाचणाऱ्यांना आधीच कळले. बाई अजून बालपणात होत्या, तोवर खोलीतली निम्मी माणसे हळहळून मोकळी झाली आणि उरलेली त्यांच्याकडे बघत राहिली. मराठीत क्रियापद आणि नकार बहुधा शेवटी येतात, इंग्रजीत ते लवकर येतात, त्यामुळे वाक्याचा गाभा दोन भाषांत दोन वेगळ्या क्षणी उघड होतो. भाषांतर अचूक असून भागत नाही, ते त्याच क्रमाने उलगडले पाहिजे.

यावर उपाय एकच आहे. दोन्ही भाषा शेजारी-शेजारी लिहाव्यात आणि प्रत्येक तुकड्यातल्या इंग्रजी ओळीने त्याच तुकड्यातल्या मराठीपेक्षा काहीही जास्त सांगू नये. ‘जो-तो’ची जोडवाक्ये आली की मी इंग्रजीत त्यांची सरळ दोन स्वतंत्र वाक्ये करतो :

```
1
00:01:12,300 --> 00:01:15,400
ज्या विहिरीचं पाणी आम्ही लहानपणी प्यायचो,
As children we drank from a well.

2
00:01:15,700 --> 00:01:17,900
ती विहीर आता बुजवली आहे.
It has been filled in now.
```

‘The well’चे ‘a well’ झाले आहे, कारण पहिल्या तुकड्यात ती विहीर नुकतीच ओळखीची होत आहे. एवढ्याशा बदलाने बातमी बाईंच्या तोंडून बाहेर पडेपर्यंत थांबते. नकार शेवटी येणारे वाक्य मात्र मी तोडत नाही. ते एका तुकड्यात मावत नसेल, तर ‘म्हणजे’, ‘बरं का’ असे शब्द गाळून मराठी ओळ आखूड करतो. गाळणे चालते, बदलणे चालत नाही. कानावर ‘प्यायचो’ पडत असताना पडद्यावर ‘पीत असू’ दिसले, तर मराठी प्रेक्षक तिथेच अडखळतो.

सॉफ्टवेअरने लाल रंगात दिलेल्या इशाऱ्यांना लगेच घाबरू नये. काना, वेलांटी आणि जोडाक्षरातला हलन्त हे सुटे मोजले, तर वरच्या पहिल्या मराठी ओळीत 41 चिन्हे भरतात, पण अक्षरे मोजली तर ती फक्त 17 आहेत. इंग्रजीसाठी ठरवलेली सेकंदाला सतरा चिन्हांची मर्यादा मराठीला तशीच लावली, तर चांगली ओळ उगाच छाटली जाते. मराठी ओळ मोठ्याने वाचावी. ती वेळेत सावकाश वाचून होत असेल तर ती ठीक आहे.

फाइल UTF-8 मध्येच जतन करावी. टंक म्हणून मुक्ता घ्यावा, त्यात देवनागरी आणि रोमन दोन्ही आहेत. ओळींत पुरेसे अंतर ठेवावे, नाहीतर ‘सुरू’सारख्या शब्दाचे उकार खालच्या इंग्रजी अक्षरांवर आदळतात. अंतर मनाजोगे ठेवता यावे म्हणून मी शेवटी एएसएस फाइल करून ती चित्रातच कोरून टाकतो :

```
ffmpeg -i mulakhat.mp4 -vf ass=mulakhat.ass final.mp4
```

तपासणीसाठी पडद्यावर कागदाची पट्टी चिकटवून एकदा मराठी ओळ झाकावी आणि आवाज चालू ठेवून फक्त इंग्रजी वाचत जावे. जिथे इंग्रजी ओळ बाईंच्या पुढे पळते, तिथली वेळ टिपून तो तुकडा पुन्हा लिहावा. माझ्या त्या मुलाखतीच्या पहिल्या दहा मिनिटांत अशा अकरा जागा निघाल्या होत्या.