ग्राहकाने काढलेला फोटो आपल्या पानावर कसा टाकावा : परवानगी, श्रेय आणि दोन आपुलकीच्या ओळी

ग्राहकाने फोटोत आपल्या दुकानाला टॅग केलं, म्हणजे तो फोटो वापरायची मुभा मिळाली, हा सल्ला पुण्यातल्या छोट्या दुकानदारांना सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. टॅग करून ग्राहक एवढंच सांगतो की ही वस्तू तुमच्याकडून घेतली. फोटो त्याचाच राहतो. 'श्रेय मूळ मालकाला' असं खाली लिहून टाकणंही तितकंच निरुपयोगी, कारण त्यात ना मालकाचं नाव असतं ना त्याचा होकार. मी साड्या, खण, पितळी भांडी विकणाऱ्या दुकानांची इन्स्टाग्रामची पानं सांभाळते. या कामात मला सगळ्यात जड गेली ती परवानगीची पायरी, म्हणून लेखाचा मोठा भाग तिच्यावरच आहे.

उदाहरण एकच घेऊ. तुळशीबागेजवळचं खणाच्या साड्यांचं दुकान. गौरीपूजनाच्या संध्याकाळी एक ताई फोटो टाकतात : दोन्ही गौरींना निळ्या खणाच्या साड्या, लाल काठ, समोर फराळाची ताटं, कडेला सासूबाई आणि पाचेक वर्षांची नात. दुकानाला टॅग केलेलं आहे. दुकानाला हा फोटो त्याच रात्री हवा असतो, कारण दुसऱ्या दिवशी विसर्जन.

त्या रात्री फोटो टाकायची घाई मोडून काढा. लगेच करता येण्यासारखी गोष्ट म्हणजे ताईंच्या फोटोखाली मनापासून एक ओळ लिहिणं. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. ताईंनी त्यांच्या स्टोरीत दुकानाचा उल्लेख केला असेल, तर ती स्टोरी आपल्या स्टोरीत घेण्याचं बटण इन्स्टाग्राम आपल्या इनबॉक्समध्येच देतं. ती २४ तासांनी जाते आणि मूळ नाव त्यावर राहतं. तरीही त्यात माणसांचे चेहरे असतील तर मी आधी विचारते.

आता परवानगी. विचारायचे प्रश्न तीन असतात, आणि बहुतेक लोक 'टाकू का?' एवढंच विचारून थांबतात.

पहिला प्रश्न, फोटो कुणी काढला? १९५७च्या कॉपीराइट कायद्यात छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारी व्यक्ती. फोटोत दिसणारी किंवा तो पोस्ट करणारी व्यक्ती वेगळी असू शकते. आपल्या ताईंचा फोटो त्यांच्या दिरांनी काढलेला होता, म्हणजे होकार दिरांचाही हवा आणि नावही त्यांचं हवं. लग्नाचे, डोहाळजेवणाचे फोटो स्टुडिओने काढलेले असतात तिथे आणखी सावध राहा. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक कायद्याने साधारणपणे पैसे देणारा असतो, पण स्टुडिओशी वेगळा करार असेल तर तो लागू होतो आणि नवरा-नवरीला तो करार आठवतही नसतो. मी दोघांनाही विचारते. स्टुडिओचा छाप असलेला कोपरा कापून फोटो टाकू नका.

दुसरा प्रश्न, फोटोत कोण कोण आहे? ताई हो म्हणाल्या म्हणून सासूबाईही हो म्हणाल्या असं होत नाही. त्यांच्या नातेवाइकांपुरत्या असलेल्या फोटोत बसणं वेगळं आणि दुकानाच्या पानावर हजारो अनोळखी लोकांसमोर दिसणं वेगळं. लहान मूल असेल तर आईवडिलांचा स्पष्ट होकार घ्या, आणि तो मिळाला तरी मुलाचं नाव, शाळा, गणवेश यातलं काही पानावर जाऊ देऊ नका. शक्य असेल तर मूल नसलेला फोटोच मागा.

तिसरा प्रश्न, कुठे वापरणार? इन्स्टाग्रामची एक पोस्ट, वेबसाइट, पैसे लावून चालवलेली जाहिरात आणि दुकानाबाहेरचा फ्लेक्स या चार वेगळ्या गोष्टी आहेत. एकीसाठी मिळालेला होकार दुसरीला चालत नाही. पोस्ट 'बूस्ट' करणं म्हणजे जाहिरातच. त्यासाठी पुन्हा विचारा.

हे तीनही प्रश्न एकाच संदेशात बसवावे लागतात. त्याला कारण आहे. जी व्यक्ती तुम्हाला फॉलो करत नाही तिला पाठवलेला संदेश विनंत्यांच्या वेगळ्या कप्प्यात जातो, आणि तिने तो स्वीकारेपर्यंत तुम्हाला एकच, तोही फक्त मजकुराचा संदेश पाठवता येतो. फोटो जोडता येत नाही. म्हणून कोणता फोटो ते शब्दांत सांगा. तो संदेश सापडावा म्हणून फोटोखाली 'ताई, तुम्हाला एक संदेश पाठवला आहे, विनंत्यांमध्ये बघाल का?' असं लिहा. मी पाठवते तो मजकूर साधारण असा :

'नमस्कार ताई, आज तुम्ही टाकलेला निळ्या खणातल्या गौरींचा फोटो बघितला. दोन्ही साड्यांचे काठ एका रेषेत आले आहेत, फार सुरेख. हा फोटो आमच्या इन्स्टाग्रामवर एका पोस्टमध्ये तुमच्या नावासह टाकू का? जाहिरातीत किंवा दुसरीकडे कुठेही वापरणार नाही. फोटो कुणी काढला आहे? त्यांचीही हरकत नसेल तर त्यांचंही नाव देऊ. फोटोतल्या आजी आणि छोटीबद्दल घरी विचारून सांगाल का? नको वाटलं तर मोकळेपणाने सांगा, आणि नंतर कधीही काढायला सांगितलंत तरी लगेच काढू.'

उत्तरात नुसतं हृदय किंवा अंगठा आला तर मी तो होकार धरत नाही. तो कौतुकाला दिलेला प्रतिसादही असू शकतो. 'अमुक हॅशटॅग लिहून उत्तर दिलंत की तुमची परवानगी समजू' ही पद्धत मोठे ब्रँड वापरतात. मला ती पटत नाही, कारण हॅशटॅग लिहिणाऱ्याला आपण नेमकं काय देतोय हे माहीत नसतं. 'उत्तर आलं नाही तर हरकत नाही असं समजू' हे तर अजिबात लिहू नका. उत्तर आलं नाही म्हणजे फोटो टाकायचा नाही. गौरी-गणपतीत घरातल्या बायकांना फोन बघायला वेळ नसतो. एकदा आठवण करा, तीही विसर्जनानंतर, आणि सोडून द्या.

आपल्या ताईंचं उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं : टाका, दिरांची हरकत नाही, पण सासूबाईंना चेहरा नको आहे. इथे चेहऱ्यावर फुलाचं चित्र चिकटवायचा किंवा तो धूसर करायचा मोह होतो. तसं केलं की बघणाऱ्याचं लक्ष आधी तिथेच जातं, आणि ज्या आजींना नको होतं त्यांचीच चर्चा होते. फक्त गौरींचा दुसरा फोटो मागा. या घरात तसे फोटो निघतातच. तो व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे दाबला जाऊन खराब होणार नाही. स्क्रीनशॉट काढून तोच पोस्ट केला तर त्यात खणाची वीण दिसत नाही.

होकाराच्या संवादाचा तारखेसह स्क्रीनशॉट काढून ठेवा. इन्स्टाग्रामवर पाठवलेला संदेश पाठवणाऱ्याने मागे घेतला की तो तुमच्याकडूनही जातो. शिवाय आपल्या कायद्यात वापराचा परवाना लेखी असावा असं म्हटलं आहे, त्यामुळे फोनवर मिळालेला होकारही संदेशात लिहून मागा.

एक इशारा गौरींच्या फोटोंसाठी खास. अनेक घरांत गौरींच्या अंगावर खरं सोनं असतं. फोटोवर ठिकाण टाकू नका, 'कोथरूडच्या अमुक सोसायटीतल्या' असं लिहू नका, आणि खिडकीतून इमारतीची पाटी दिसत असेल तर तेवढा भाग ताईंना विचारून कापा. त्यांनी स्वतः ठिकाण टाकलेलं असलं तरी आपण ते आपल्या गर्दीसमोर पुन्हा मांडू नये.

श्रेय पहिल्या दोन ओळींत द्या, कारण फोनवर त्यापुढचा मजकूर 'more'च्या मागे दडतो. मजकुरात हँडल लिहा आणि फोटोवरही टॅग करा. दिरांचं खातं नसेल तर नाव कसं लिहायचं ते त्यांनाच विचारा. ताईंचं खातं खाजगी असेल तर हँडल द्यायचं का तेही विचारा, कारण नंतर त्यांच्याकडे अनोळखी लोकांच्या विनंत्या येऊ लागतात. रंगाला फिल्टर लावू नका. निळा खण जांभळा दिसला की पुढच्या गिऱ्हाइकाची तक्रार ठरलेली.

इन्स्टाग्रामचं स्वतःचं रिपोस्टचं बटण २०२५ पासून आलं आहे. त्यात मूळ नाव आपोआप राहतं आणि रीलसाठी ते बरं आहे. पण तो मजकूर मुख्य पानावर न येता वेगळ्या टॅबमध्ये जातो, आणि आपल्या दोन ओळींना तिथे धड जागा नसते.

त्या दोन ओळी लिहिताना लोक बिघडवतात ते असं : 'आमच्या सन्माननीय ग्राहकांनी परिधान केलेली आमची प्रीमियम खण साडी! ऑर्डरसाठी डीएम करा.' ताईंच्या घरच्या गौरी यात कुठे आहेत? नियम म्हणून मी फोटोतली एक अशी गोष्ट शोधते जी ग्राहकाने केली आहे, दुकानाने नाही. साडी दुकानाची, पण ती नेसवली ताईंनी. त्यावर लिहायचं :

'गौरींच्या निऱ्या इतक्या एकसारख्या बसवायला किती वेळ लागतो, ते नेसवणारीलाच ठाऊक. ताई, तुमच्या घरच्या गौरी बघून आम्ही सगळे दुकानात थांबून बघत राहिलो.' आणि त्यावर, पहिल्या ओळीत, 'साडी नेसवली' असं लिहून ताईंचं हँडल आणि 'फोटो' असं लिहून दिरांचं नाव.

किंमत, साडीचा नंबर, दुकानाचा पत्ता यातलं काही या पोस्टमध्ये नको. कुणी विचारलं तर खाली उत्तर द्या. माणसाच्या फोटोवर रंग, अंगकाठी, वय यांवर शब्दही नको, कौतुकाचाही नाही. 'काकू' तर मुळीच लिहू नका. त्या स्वतःला जे नाव लावतात तेच वापरा, नाहीतर 'ताई' चालतं. आणि 'आम्ही थांबून बघत राहिलो' हे खरंच घडलं असेल तरच लिहा. दुकानातल्या मुलींना फोटो दाखवा, त्या जे म्हणतील तेच लिहा. माझ्या बऱ्याच चांगल्या ओळी अशा काउंटरवरून आलेल्या आहेत.

फोटोच्या बदल्यात सवलत किंवा भेट दिली असेल तर ते पोस्टमध्ये स्पष्ट लिहावं लागतं. जाहिरात मानक परिषदेची २०२१ची मार्गदर्शक तत्त्वं तसं सांगतात. मी परवानगी मागताना काहीच देऊ करत नाही. नंतर दुकानात आल्यावर चहा पाजावा.

पोस्ट टाकली की दुवा ताईंना पाठवा आणि खालच्या प्रतिक्रियांवर पहिले काही तास लक्ष ठेवा. सजावटीवर कुणी खवचट लिहिलं तर ते तुमच्या पानावर लिहिलेलं आहे, काढायची जबाबदारीही तुमची. आणि ताईंनी कधी फोटो पानावरून हटवायला सांगितला तर त्याच दिवशी हटवा, कारण विचारू नका. इन्स्टाग्रामवरून काढल्यावर फेसबुक पान आणि स्टोरी हायलाइट्सही उघडून बघा. इन्स्टाग्रामवरून आपोआप फेसबुकवर गेलेली प्रत वेगळी काढावी लागते.