फेज कोमट, न्यूट्रल भाजणारं

बडोद्याच्या कलाभवनातून इलेक्ट्रिकलची डिग्री घेऊन मी एका कन्सल्टंटकडे लागले, त्याला तिसरा महिना चालू होता. अलकापुरीतल्या एका ऑफिसातून फोन आला. दुपारी जेवणानंतर मजल्यावरच्या पॅनेलजवळ जळका वास येतो, पण पॅनेलचा ब्रेकर, म्हणजे एमसीसीबी, एकदाही ट्रिप झालेला नाही. साहेब दुसऱ्या साइटवर होते. "तू जा, आधी नुसतं बघ, काही उघडू-जोडू नकोस," म्हणाले.

ऑफिसात दीडशेच्या आसपास कॉम्प्युटर होते. सगळे जुळवलेले, स्वस्तातल्या एसएमपीएसचे, म्हणजे आतल्या पॉवर सप्लायचे. एसीचं पॅनेल वेगळं होतं, म्हणजे या पॅनेलवर जवळजवळ फक्त कॉम्प्युटर. वायरमनने सप्लाय बंद करून समोरची प्लेट काढली. तिन्ही फेजच्या केबलच्या टोकांचे लग कालच बसवल्यासारखे स्वच्छ होते. न्यूट्रल लिंकवरचा लग मात्र काळा पडला होता, आणि त्याच्यामागे दोन इंचांपर्यंत केबलच्या कोरचं इन्शुलेशन तपकिरी आणि कडक झालं होतं. वायरमनने ते जरा वाकवलं, तर पापडासारखं तडकलं.

नट ढिला असेल, हा पहिला अंदाज. तो तपासला, घट्ट होता. मग सप्लाय चालू करून, ऑफिस पूर्ण भरल्यावर तारेभोवती पकडून करंट मोजणारा टोंग टेस्टर लावला. फेजवर ३४, ३३ आणि ३५ अँपियर, न्यूट्रलवर ६५ च्या वर. कॉलेजात शिकलेलं डोक्यात पक्कं होतं: तिन्ही फेजवर सारखा लोड असेल तर न्यूट्रलमध्ये करंट शून्याच्या जवळ. न्यूट्रलमध्ये करंट आहे म्हणजे लोड असमान आहे, असा उलटा अर्थ मी लावला. फेज तर जवळजवळ सारखेच दिसत होते, तरी मी त्या शनिवारी वायरमनला घेऊन सर्किटं एका फेजवरून दुसऱ्या फेजवर हलवत बसले. दिवसभराच्या मेहनतीनंतर न्यूट्रलचा आकडा दोन अँपियरने उतरला.

सोमवारी साहेब स्वतः आले. त्यांनी आपला ट्रू आरएमएस टोंग टेस्टर फेजवर लावला: ४२, ४०, ४३. माझ्या साध्या मीटरने फेजचा करंट सात-आठ अँपियरने कमी दाखवला होता. असा मीटर सरासरी मोजतो आणि लाट साइन आहे असं धरून आकडा देतो. टोकदार, तुटक करंटला तो फसतो. न्यूट्रलवर त्यांच्या मीटरने ६६ दाखवले. मग त्यांनी न्यूट्रलवर लावलेल्या मीटरचं हर्ट्झचं बटण दाबलं आणि मीटर माझ्यापुढे धरला. "वाच." पडद्यावर १५० होतं.

या एका आकड्यात सगळं निदान आहे. असमान लोडमुळे न्यूट्रलमध्ये आलेला करंट ५० हर्ट्झचाच असतो. १५० दिसलं, म्हणजे मुख्य भाग तिसऱ्या हार्मोनिकचा, ५० च्या तिप्पट फ्रिक्वेन्सीच्या करंटचा आहे आणि फेज कितीही सारखे केले तरी तो जाणार नाही. या कामात नव्याने येणाऱ्यांना मी म्हणेन, पहिल्या पगारातून ट्रू आरएमएस आणि हर्ट्झ मोजणारा टोंग टेस्टर घ्या. हा एक मीटर पहिली दोन वर्षं पुरतो.

हे होतं का, ते साहेबांनी पॅनेलच्या दारावर खडूने काढून दाखवलं. मला ते सूत्रापेक्षा लवकर कळलं, म्हणून तसंच सांगते.

एसएमपीएसच्या तोंडाशी ब्रिज रेक्टिफायर आणि मोठा कपॅसिटर असतो. कपॅसिटर सप्लायच्या शिखराइतका, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत भरलेला राहतो. सप्लायचा व्होल्टेज त्याच्या वर जाईल तेव्हाच करंट आत शिरतो, म्हणजे फक्त लाटेच्या शिखराजवळ. अर्धी सायकल १० मिलिसेकंदांची, पण करंट वाहतो त्यातले दोन-तीन मिलिसेकंद. उरलेला वेळ काहीच नाही.

आता तीन फेज घ्या. त्यांची शिखरं, वरची आणि खालची मिळून, दर ३.३ मिलिसेकंदांनी एकामागून एक येतात. प्रत्येक झटका याहून अरुंद असेल, तर कोणत्याही क्षणी एकच फेज करंट ओढत असतो. साध्या लोडमध्ये एका फेजचा करंट परत जाताना बाकीच्या दोन फेजांतून वाट काढतो, म्हणून न्यूट्रल रिकामं राहतं. इथे बाकीचे दोन फेज त्या क्षणी बंदच आहेत. सगळ्या झटक्यांना परत जायला न्यूट्रल ही एकच वाट. २० मिलिसेकंदांत फेजमधून दोन झटके जातात, तर न्यूट्रलमधून सहा, आळीपाळीने वर आणि खाली. वर-खालीच्या अशा तीन जोड्या २० मिलिसेकंदांत, म्हणजेच १५० हर्ट्झ.

तिप्पट झटके म्हणजे तेवढ्याच जाडीच्या तारेत तिप्पट उष्णता. उष्णता करंटच्या वर्गावर जाते, म्हणून करंट तीनच्या वर्गमुळाइतका, म्हणजे फेजच्या १.७३ पट. ही अगदी टोकाची मर्यादा. झटके थोडे रुंद असले, थोडे एकमेकांवर आले, तर गुणोत्तर कमी होतं. आमच्याकडे ते १.६ च्या आसपास होतं. हार्मोनिकच्या भाषेत हेच असं सांगतात: तीन फेजांत १२० अंशांचं अंतर, तिसऱ्या हार्मोनिकला ते तिप्पट होऊन ३६० अंश, म्हणजे अंतर उरतच नाही. तिघेही एकाच तालात, त्यामुळे न्यूट्रलमध्ये ते वजा न होता बेरीज होतात. नवव्या, पंधराव्या अशा तीनने भाग जाणाऱ्या सगळ्या विषम हार्मोनिकचं हेच. यांनाच ट्रिपलन म्हणतात.

एवढ्यावर भागलं असतं तरी बरं, पण केबल साडेतीन कोरची होती. आपल्याकडे ही केबल सर्रास टाकतात, आणि खरं दुखणं तिच्यात होतं. फेजचे कोर ३५ स्क्वेअर एमएम अॅल्युमिनियमचे आणि न्यूट्रलचा कोर १६ चा. न्यूट्रलमध्ये करंट नसतोच, या गृहीतावर बनवलेली केबल. तक्त्यात हवेतली क्षमता ३५ ला सुमारे ८६ अँपियर आणि १६ ला सुमारे ५१. फेजमध्ये ४२ जात होते, म्हणजे निम्मेच. न्यूट्रलमध्ये ६६. जाडी निम्म्याहून कमी आणि करंट दीडपटीहून जास्त, असा हिशेब केला तर केबलच्या प्रत्येक मीटरमागे न्यूट्रलच्या कोरमध्ये फेजच्या कोरपेक्षा साडेपाचपट उष्णता तयार होत होती. पीव्हीसीला ७० अंशांची मर्यादा. आम्ही लगवर काळी इन्शुलेशन टेप चिकटवून तिच्यावर इन्फ्रारेड थर्मामीटर धरला (चकचकीत धातूवर तो खोटं, कमी तापमान दाखवतो), तर ८८ आलं.

एमसीसीबी ट्रिप का झाला नाही, हे आता उघड आहे. तो तीन पोलचा होता, ६३ अँपियरचा. न्यूट्रल त्याच्यातून जातच नव्हतं, आणि फेजचे ४२ त्याला मान्य होते. म्हणून अशा ऑफिसात ब्रेकर शांत आहे यावरून काहीच ठरवू नका. वीजबिलातही हे दिसेलच असं नाही. ट्रान्सफॉर्मरच्या डेल्टा वाइंडिंगमध्ये ट्रिपलन करंट फिरत राहतात आणि ११ केव्हीच्या बाजूला फारसे पोचत नाहीत.

न्यूट्रल तसंच जळत राहून तुटलं असतं तर मोठं नुकसान होतं. मग कॉम्प्युटर दोन फेजांच्या मध्ये, ४०० व्होल्टवर एकापाठोपाठ एक जोडल्यासारखे होतात, आणि ज्या फेजवर कमी मशीन चालू असतात तिथला व्होल्टेज २३० वरून कितीतरी वर चढतो. एका मिनिटात डझनभर एसएमपीएस जातात. त्या विचाराने मी त्या रात्री नीट झोपले नव्हते, कारण शनिवारी सर्किटं हलवताना मी तोच तडकलेला कोर दोनदा हलवला होता.

ऑफिसच्या माणसांना त्याच दिवशी उपाय हवा होता. वायरमनने सुचवलं की बाहेरून एक जाड तांब्याची वायर टाकून न्यूट्रलला समांतर जोडू. साहेबांनी ठाम नकार दिला. केबल स्टील आर्मर्ड आहे. न्यूट्रलचा काही करंट बाहेरून गेला, तर आर्मरच्या आतल्या करंटची बेरीज शून्य राहत नाही, त्या चुंबकीय क्षेत्राने आर्मर आणि ग्लँड प्लेट तापतात. आम्ही दुसरं केलं: जळका भाग कापून नवीन लग क्रिंप केला आणि केबल बदलेपर्यंत निम्मे कॉम्प्युटर दुसऱ्या शिफ्टमध्ये चालवायला सांगितले. न्यूट्रल ३५ अँपियरच्या खाली आलं.

नवीन केबल निवडताना आयईसी ६०३६४-५-५२ चा नियम लावला. फेजच्या करंटमध्ये तिसरा हार्मोनिक ३३ टक्क्यांच्या वर गेला, की केबलची जाडी न्यूट्रलच्या करंटवरून ठरवायची, फेजच्या नव्हे. ४५ टक्क्यांपर्यंत ०.८६ चा घटाव गुणांकही लागतो. त्याच्या वर तो लागत नाही, कारण तोवर न्यूट्रलचा आकडाच निवडीवर भारी असतो. आमच्याकडे न्यूट्रलच्या ६६ ला तीनने भागलं की तिसरा हार्मोनिक फेजमागे सुमारे २२ अँपियर, म्हणजे ४२ च्या निम्मा. तेव्हा थेट ६६ अँपियर धरायचे. ट्रेमध्ये शेजारी आणखी केबली होत्या, त्यासाठी ०.८ धरलं, तर ३५ ची केबल ६९ वर येते. बसते, पण काठावर. साहेबांनी चार कोर, ५० स्क्वेअर एमएम, पूर्ण न्यूट्रलची केबल लिहून दिली. न्यूट्रल लिंकही मोठी घेतली, कारण जुनी लिंक फेजच्या बसबारच्या निम्मी होती.

नंतर आम्ही डिस्ट्रिब्यूशन बोर्डातून बाहेर जाणारी प्रत्येक सर्किट तपासली. फेज आणि त्याचं स्वतःचं न्यूट्रल बरोबर गेलं असेल, तर त्या न्यूट्रलमध्ये फेजइतकाच करंट असतो आणि चिंता नाही. एका रांगेत मात्र तीन फेजांच्या सर्किटांना मिळून एकच अडीच स्क्वेअरचं न्यूट्रल ओढलेलं सापडलं. तार वाचवण्याची जुनी सवय. ते तिथल्या तिथे वेगळं करून घेतलं.

फिल्टरचीही चौकशी झाली. अॅक्टिव्ह फिल्टर घ्यायचा तर चार वायरचा हवा, तीन वायरचा न्यूट्रलला हातच लावत नाही. दीडशे कॉम्प्युटरसाठी केबल बदलणं त्याहून स्वस्त पडलं. हळूहळू पॉवर फॅक्टर करेक्शनवाले एसएमपीएस घेणं हा मुळावरचा उपाय, आणि नव्या चांगल्या डेस्कटॉपमध्ये ते असतंच. पण लॅपटॉपवर गेलो म्हणजे सुटलो असं समजू नका. हार्मोनिकची मर्यादा घालणारं आयईसी ६१०००-३-२ असल्या उपकरणांना ७५ वॉटपर्यंत मोकळं सोडतं, आणि ऑफिसच्या लॅपटॉपचा अॅडॅप्टर बहुधा ६५ वॉटचा असतो.

केबल बदलल्यावर पूर्ण भरलेल्या ऑफिसात मी पुन्हा मोजलं. न्यूट्रलमध्ये ६५ अँपियर, १५० हर्ट्झ. करंट तसाच होता. टेपवरचं तापमान ४९.