हिक्सियन मागणीचं उत्तर निम्मं का येतं? या चुका टाळा

म्हापशाला माझ्याकडे एम.ए.ची मुलं शिकवणीला येतात. परवा एका मुलीने वही पुढे सरकवली. 'सर, गणित दोनदा तपासलं. उत्तर सहा यायला हवं, माझं तीनच येतंय.' चूक आकडेमोडीत नव्हतीच. ही चूक दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या वहीत सापडते, म्हणून ते गणितच इथे मांडतो.

घरात दोनच वस्तू धरू: बांगडे `x` किलो आणि उकडे तांदूळ `y` किलो. समाधान `u = √(xy)`. बांगडे 200 रुपये किलो, तांदूळ 50 रुपये किलो (भाव गणितापुरते). समाधान 12 वर टिकवायचं आहे, तर कमीत कमी किती पैसे लागतील? `px`, `py` हे दोघांचे भाव, `e` हा कमीत कमी खर्च, आणि त्या खर्चात ठरलेलं समाधान टिकवणारी प्रमाणं `hx`, `hy` म्हणजेच हिक्सियन मागणी. दोन्हींच्या सीमांत समाधानाचं गुणोत्तर भावांच्या गुणोत्तराइतकं ठेवलं, की हे मिळतं:

```
hx = u√(py/px)
hy = u√(px/py)
e  = px·hx + py·hy = 2u√(px·py)
```

म्हणजे 6 किलो बांगडे, 24 किलो तांदूळ, खर्च 2400 रुपये. आता `e` चा `px` च्या संदर्भात डेरिव्हेटिव्ह घ्या: `u√(py/px)`, म्हणजे 6. बांगड्यांची हिक्सियन मागणी परत हातात आली. यालाच शेफर्डचा सिद्धांत म्हणतात.

मग त्या मुलीचे तीन कुठून आले? तिने `e = px·hx + py·hy` हे रूप घेतलं आणि पहिल्या पदाला गुणाकाराचा नियम लावला. भाव रुपयाने वाढला की बांगडे 0.015 किलोने कमी होतात. त्याला 200 ने गुणलं की 3 रुपये वाचतात. सहातून तीन गेले, उरले तीन. पण तांदळाच्या भावाला कुणी हात लावलेला नाही, म्हणून तिने दुसरं पद स्थिर धरलं. इथेच गाडी घसरली. भाव तोच असला तरी तांदळाचं प्रमाण बदलतं: बांगडे कमी केले की समाधान 12 वर ठेवायला 0.06 किलो तांदूळ जास्त घ्यावा लागतो, त्याचे 50 च्या भावाने 3 रुपये. वाचलेले तीन आणि वाढलेले तीन एकमेकांना खाऊन टाकतात, आणि मागे राहतं ते फक्त `hx`. बदललेल्या प्रमाणांची ही बेरीज शून्य होते, कारण आपण आधीच सर्वांत स्वस्त जोडीवर उभे आहोत. तिथून समाधान तेच ठेवून किंचित सरकलं तर खर्चात फरक पडत नाही. दोन्ही पदं पूर्ण सोडवा, नाहीतर `2u√(px·py)` हे आटोपशीर रूप वापरा. अर्धवट काम मात्र करू नका.

दुसरी तक्रार: 'सर, डेरिव्हेटिव्ह शून्यच येतो!' हे झालं की समजायचं, विद्यार्थ्याने घाईने `u` च्या जागी `m/(2√(px·py))` घातलंय. तसं केलं की `e` म्हणजे नुसतं उत्पन्न `m` उरतं आणि त्यात भाव कुठेच नसतो. डेरिव्हेटिव्ह घेताना `u` गोठवलेलाच हवा. `m` नंतर घातलं तर `m/(2px)` मिळतं, ती मार्शलची मागणी, म्हणजे समाधानाऐवजी उत्पन्न ठरलेलं असतानाची. 2400 रुपयांवर तीही 6 च येते. या एका बिंदूवर दोघी जुळतात म्हणून त्या एकच आहेत असं मात्र मुळीच नाही.

ते कळतं पावसाळ्यात. 1 जून ते 31 जुलै गोव्यात मासेमारीबंदी असते. समजा त्या काळात बांगडे 450 वर गेले. समाधान 12 वर ठेवायचं तर 4 किलो बांगडे, 36 किलो तांदूळ आणि 3600 रुपये. खिशात 2400 च असतील तर बांगडे जेमतेम 2.67 किलो येतात.

खर्च वाढला 1200 ने. इथे मुलं 6 ला 250 ने गुणून 1500 सांगतात. शेफर्डचा आकडा त्या भावाजवळच्या किंचित बदलाचा आहे. भाव चढत जातो तसतसं घर बांगड्यांकडून तांदळाकडे वळतं, म्हणून खरी वाढ 6 × 250 पेक्षा कमी आणि 4 × 250 पेक्षा जास्त येते. नेमका आकडा हवा तर `hx` चं 200 ते 450 पर्यंत इंटिग्रेशन करा, बरोबर 1200 मिळतील.

एका ठिकाणी मात्र ही युक्ती अडते. एखाद्या घराला बांगडे काय नि तारली काय, किलोला किलो सारखीच असतील, तर `e` म्हणजे `u` गुणिले दोनपैकी कमी भाव. दोन्ही भाव समान झाले की आलेखाला तिथे टोक येतं: बांगडे किंचित स्वस्त असताना डेरिव्हेटिव्ह `u`, किंचित महाग झाले की 0. नेमक्या त्या भावाला डेरिव्हेटिव्हच नाही, आणि मागणीही एक ठरलेली नाही. 0 ते `u` मधली कुठलीही चालते. परीक्षेत असा प्रश्न आला तर एक आकडा शोधत बसू नका, अख्खा पट्टा लिहा.